प्लंजर एकीकडे, प्रेशर उलटीकडे: दोन प्रोफाइलची बेरीज नेमकी कशी करायची

प्रश्न: सर, मी खानापूरचा, बेळगावात मेकॅनिकलला आहे. दोन पॅरलल प्लेटमधला फ्लो, वरची प्लेट हलतेय आणि प्रेशर ग्रेडियंटपण आहे, तर आमच्या सरांनी सांगितलं की दोन्ही प्रोफाइल काढा आणि बेरीज करा. पण बेरीज का चालते ते कळलं नाही. आणि प्रेशर प्लेटच्या उलट दिशेने ढकलत असेल तर माझा फ्लो रेट कधी निगेटिव्ह येतोय, कधी शून्याजवळ, मग वाटतं साइनच चुकली. हे खऱ्या मशीनमध्ये कुठे बघायला मिळतं का?

उत्तर:

शेवटाकडून सुरुवात करतो. हे बेळगावात उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये रोज बघायला मिळतं. माझी वीसेक वर्षं हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडरच्या कामात गेली, आणि लॅपिंग केलेला प्लंजर बोअरमध्ये फिट करतो तेव्हा त्या दोघांच्या मधली जी तेलाची फिल्म असते ती म्हणजे तुझ्या दोन प्लेट. बोअर स्थिर, प्लंजर हलतोय, एका टोकाला चेंबरचं प्रेशर आणि दुसऱ्या टोकाला ड्रेन. प्लंजर गोल आहे म्हणून घाबरू नको, गॅप त्रिज्येच्या मानाने इतका बारीक असतोय की तो पत्रा उलगडून सपाट केला असं धरलं तरी फरक पडत नाही.

आता बेरीज का चालते. फिल्ममधला एक पातळ थर घे, त्याच्यावर पुढून मागून प्रेशर आणि वरून खालून शिअर, स्टेडी असल्यामुळे अ‍ॅक्सिलरेशन नाही, मग फक्त बॅलन्स उरतो:

```
μ d²u/dy² = dp/dx
```

खरी जागा इथे आहे. नेव्हिअर-स्टोक्समध्ये वेग गुणिले वेगाचा ग्रेडियंट अशी एक टर्म असते, तीच बेरीज मोडते, कारण तिच्यात u चा स्वतःशीच गुणाकार आहे. पण आपल्या फिल्ममध्ये वेग फक्त y वर अवलंबून आहे, x बरोबर बदलत नाही, आणि आडवा वेग नाहीच, त्यामुळे ती टर्म बारीक म्हणून सोडून दिलेली नाही, ती नेमकी शून्य आहे. उरलेलं समीकरण u मध्ये लिनियर आहे. लिनियर असलं की काम दोघांत वाटून देता येतं: एकाने भिंतीची हालचाल सांभाळायची, दुसऱ्याने प्रेशर.

भिंतवाला, म्हणजे कुएट: `μu″ = 0`, खाली शून्य, वर प्लेटचा वेग U. उत्तर सरळ रेष. प्रेशरवाला, म्हणजे पॉइझूल: `μu″ = dp/dx`, आणि खाली शून्य वरपण शून्य. उत्तर पॅराबोला. इथेच बरीच पोरं घसरतात, प्रेशरवाल्या भागालाही वरच्या प्लेटवर U देऊन टाकतात, मग बेरीज केल्यावर प्लेटजवळचं तेल 2U ने पळतंय आणि प्लेट U ने, असं अशक्य चित्र येतं. U एकदाच द्यायचा, आणि dp/dx पण एकदाच. बेरीज झाल्यावर y = 0 आणि y = h टाकून बघायची सवय लाव, दहा सेकंद लागतात.

```
u = U·y/h − (1/2μ)(dp/dx)·y·(h − y)
q = U·h/2 − (h³/12μ)(dp/dx)
```

h म्हणजे गॅप, q म्हणजे एक मीटर रुंदीमागचा फ्लो. साइनचा नियम एकच ठेव: x ची दिशा प्लेट जिकडे जातेय तिकडे. मग प्रेशर x बरोबर कमी होत असेल तर dp/dx निगेटिव्ह, दुसरी टर्म प्लस होते, प्रेशर मदत करतंय. प्रेशर x बरोबर वाढत असेल तर dp/dx पॉझिटिव्ह, दुसरी टर्म वजा, प्रेशर अडवतंय. सूत्रातला मायनस तसाच ठेवायचा, आपण वरून अजून एक मायनस चिकटवायचा नाही. तुझा q कधी निगेटिव्ह कधी शून्याजवळ येतोय म्हणालास ना, तर बहुतेक साइन बरोबरच आहे, प्रश्नच तसा आहे. ते खालच्या आकड्यांत दिसेल.

एक प्लंजर घेऊ. व्यास २० मिमी, रेडियल क्लिअरन्स २० मायक्रॉन, सीलिंगची लांबी ४० मिमी (बुशची लांबी समज, ती बदलत नाही), चेंबरमध्ये १०० बार, ड्रेनला काही नाही. तेल ४६ ग्रेडचं, ४० डिग्रीला त्याची व्हिस्कॉसिटी ४६ सेंटीस्टोक, घनता ८७० धरली तर ०.०४ पास्कल-सेकंद. डिलिव्हरी स्ट्रोकला प्लंजर चेंबरकडे ०.५ मीटर प्रतिसेकंदाने जातोय. म्हणजे x चेंबरकडे, आणि प्रेशर तिकडे वाढतंय, ४० मिमीत १०० बार, dp/dx प्लस. प्रेशर अडवणारं आहे, तुझ्याच प्रश्नातली केस.

दोघांची ताकद तोलायला एक आकडा काढतात, मी त्याला P म्हणतो:

```
P = −(h²/2μU)(dp/dx)
u/U = η + P·η·(1 − η),   η = y/h
```

आपल्या आकड्यांनी P = −२.५ येतो. आता गॅपमधल्या पाच जागी दोन्ही वेग वेगळे लिहून बेरीज करू, मीटर प्रतिसेकंदात. y बोअरपासून मायक्रॉनमध्ये आहे.

```
y     कुएट     पॉइझूल    बेरीज
0     0        0         0
5     0.125   −0.234    −0.109
10    0.250   −0.3125   −0.0625
15    0.375   −0.234     0.141
20    0.500    0         0.500
```

हा तक्ता कागदावर काढ, ग्राफ स्वतःच्या हाताने काढ. बोअरजवळचं तेल उलटं, ड्रेनकडे चाललंय, आणि प्लंजरला चिकटलेलं तेल चेंबरकडे ओढलं जातंय. दोन्ही एकाच वेळी, २० मायक्रॉनच्या आत. वेग शून्य कुठे होतो ते `η = 1 + 1/P` ने मिळतं, इथे ०.६, म्हणजे बोअरकडचे १२ मायक्रॉन मागे आणि प्लंजरकडचे ८ मायक्रॉन पुढे. अजून एक लक्षात घे, पॅराबोलाचं टोक मधोमध १० मायक्रॉनला आहे, पण बेरजेतला सगळ्यात जास्त उलटा वेग ६ मायक्रॉनला आहे. बेरीज प्रत्येक y ला होते, टोकांची टोकांशी होत नाही. परीक्षेत मॅक्सिमम वेग विचारला की दोन मॅक्सिममची बेरीज करून ठेवतात, ते चूक.

आता फ्लो. रुंदी म्हणजे परीघ, ६२.८ मिमी. प्लंजर जे तेल ओढून चेंबरकडे नेतोय ते ०.३१४ सीसी प्रतिसेकंद. प्रेशर जे बाहेर ढकलतंय ते ०.२६२ सीसी. नेट ०.०५२ सीसी, आणि तेसुद्धा चेंबरकडे. १०० बार प्रेशर आहे आणि फिल्ममधून नेट तेल प्रेशरच्या विरुद्ध आत जातंय, पहिल्यांदा बघताना पटत नाही पण ते तसंच आहे. `q = (U·h/2)(1 + P/3)` असं लिहिलं की सगळं उलगडतं: P = −१ च्या खाली गेला की बोअरजवळ उलटा फ्लो सुरू, P = −३ ला नेट शून्य, आणि त्याच्याही खाली गेला की q निगेटिव्ह. म्हणजे उलटा फ्लो सुरू होणं आणि नेट फ्लो उलटा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मध्ये −१ ते −३ एवढा पट्टा आहे. तुझी शून्याजवळची उत्तरं P = −३ च्या आसपासची असणार, काढून बघ.

हेच मशीन, हाच प्लंजर, फक्त तेल बदलू दे. डिसेंबरात बेळगावच्या सकाळी पंप चालू करतो तेव्हा तेल घट्ट असतंय, व्हिस्कॉसिटी तिप्पट धर. मग पॉइझूलचा भाग तिसरा हिस्सा, ०.०८७ सीसी, आणि P = −०.८३, कुठेच उलटा फ्लो नाही. दुपारी टाकी तापली, व्हिस्कॉसिटी निम्मी झाली, तर पॉइझूल ०.५२४ सीसी, P = −५, नेट ०.२१ सीसी ड्रेनकडे. पण कुएटचा भाग दोन्ही वेळी ०.३१४ च, एक थेंब इकडे तिकडे नाही, कारण `U·h/2` मध्ये μ नाहीच. भिंत हलली की तिच्याबरोबर सरळ रेषेचा वेग जातोच, तेल घट्ट असो की पातळ. (घट्ट तेलाला ओढायला ताकद जास्त लागते, ती गोष्ट वेगळी.) वेगळे भाग लिहून बेरीज करण्यात खरा फायदा हा आहे, कोणती गोष्ट कुणाला बदलते ते वेगळं दिसतं. व्हिस्कॉसिटी फक्त पॉइझूलला, वेग फक्त कुएटला, आणि गॅप दोघांना पण एकाला h ने आणि दुसऱ्याला h³ ने.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती बेरीज नीट न केल्यानेच झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत एका पंपाची ड्रेन लाईन मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडून मोजत होतो. प्लंजर अडकवून, जागेवर थांबवून १०० बार दिलं तर मिनिटाला साधारण १६ सीसी. पंप फिरवल्यावर मिनिटाला ८ सीसी. मी म्हटलं बघा, प्लंजर तेल आत ओढतोय म्हणून लीकेज निम्मं झालं, आणि मी गिऱ्हाइकाला लेखी कळवलं की आरपीएम वाढवा म्हणजे लीकेज अजून कमी होईल. त्यांनी वाढवला, मोटर बदलण्याचा खर्च केला, आणि ड्रेन जवळजवळ तेवढाच राहिला. त्यांचे पैसे माझ्या सल्ल्याने वाया गेले, ते मला आजही लागतं.

चूक कुठे झाली? मी कुएटचा भाग फक्त जाताना मोजला. प्लंजर परत पण येतो! सक्शन स्ट्रोकला तो चेंबरपासून लांब जातोय, तेव्हा चेंबरमध्ये प्रेशर नाही, पॉइझूल जवळजवळ शून्य, पण कुएट आहेच आणि आता तो तेल बाहेर ओढतोय, तेच ०.३१४ सीसी. जाताना आत, येताना बाहेर, स्ट्रोकची लांबी तीच, म्हणजे पूर्ण सायकलमध्ये कुएटचा हिशोब शून्य. वेग स्ट्रोकभर सारखा नसला तरी शून्यच, कारण `U·h/2` ला वेळेने जोडत गेलं की स्ट्रोकची लांबी गुणिले निम्मा गॅप एवढंच उरतं. मग ८ सीसी का? कारण प्रेशर अर्धाच वेळ असतं. १६ चा अर्धा ८. एवढं साधं. आरपीएम वाढवला तरी प्रेशर अर्धाच वेळ, म्हणून ८ च.

तेव्हापासून मी दोन्ही भाग वेगळे लिहिल्याशिवाय आणि दोन्ही दिशांना लिहिल्याशिवाय बेरीज करत नाही. आणि लीकेजचे आकडे नुसते आकडे म्हणून, साइन काढून, कधीच जोडू नको, दोन फ्लोची बेरीज साइनसकट असते.

तू विचारशील, सायकल म्हणजे स्टेडी कुठे राहिलं, वेग तर सतत बदलतोय. बरोबर प्रश्न आहे. फिल्मला नवीन वेगाशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ `h²/ν` एवढ्याचा असतो, ν म्हणजे वरचे ४६ सेंटीस्टोक, इथे तो ९ मायक्रोसेकंदाच्या आसपास येतो. स्ट्रोकला मिलिसेकंदांत वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक क्षणी प्रोफाइल त्या क्षणाच्या U आणि प्रेशरची स्टेडी प्रोफाइलच असते. रेनॉल्ड्स नंबर पण ०.२ च्या आसपास आहे, टर्ब्युलन्सचा प्रश्नच नाही. गॅप २ मिमी केलास तर हा वेळ गॅपच्या वर्गाने वाढतो, मग हे परत तपासावं लागेल, आपोआप धरायचं नाही.

शिअर बघू, कारण हिशोब तपासायची चांगली जागा आहे ती. प्लंजरवर `(μU/h)(1 − P)`, बोअरवर `(μU/h)(1 + P)`. `μU/h` इथे १००० पास्कल. मग प्लंजरवर ३५००, बोअरवर −१५००, उणे म्हणजे बोअरजवळ तेल उलटं चाललंय ते इथेही दिसलं. दोघांतला फरक ५००० पास्कल, त्याला फिल्मच्या क्षेत्रफळाने गुणलं तर १२.६ न्यूटन. आणि गॅपच्या तोंडावर प्रेशरचं बळ किती? १०० बार गुणिले २० मायक्रॉन गुणिले परीघ, १२.६ न्यूटन. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी साइन किंवा आकडा हुकला आहे हे नक्की.

आता बेरीज कशाची होत नाही. तेल तापतं ते वेगाच्या ग्रेडियंटच्या वर्गामुळे, आणि वर्गाची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग नाही. बोअरच्या भिंतीजवळ या केसमध्ये (१ − २.५)² म्हणजे २.२५, पण वेगवेगळं तापणं जोडलं असतं तर १ + ६.२५ = ७.२५ आलं असतं. प्लंजरजवळ उलटं, १२.२५ आहे आणि बेरीज ७.२५ सांगते. आणि तरीही एक सुंदर गोष्ट, पूर्ण गॅपभर जोडलं तर मधला क्रॉस टर्म नाहीसा होतो, कारण एका अर्ध्यात तो प्लस आणि दुसऱ्यात तेवढाच मायनस, एकूण उष्णता `1 + P²/3` च येते, म्हणजे दोघांची वेगळी बेरीज. एकूण जुळते, जागेवर जुळत नाही. म्हणून प्लंजरला लागून असलेलं तेल जास्त तापतं आणि आपण सरासरी काढून समाधान मानतो.

दुसरं, ग्रीस किंवा वितळलेलं प्लास्टिक. पाईपच्या एक्स्ट्रूडरमध्ये स्क्रू ओढतोय आणि डायचं प्रेशर मागे ढकलतंय, चित्र अगदी हेच. पण त्या मटेरियलची व्हिस्कॉसिटी शिअर वाढला की कमी होते, आणि शिअर दोघांचा मिळून असतो, त्यामुळे स्क्रूमुळे प्रेशरवाल्या भागाची व्हिस्कॉसिटी पण बदलते. समीकरण लिनियर राहिलं नाही, वाटणी गेली, बेरीज गेली. तिथे आपलं सूत्र अंदाजासाठी वापरतात पण उत्तर म्हणून नाही.

शेवटी वर्कशॉपमध्ये नेहमी फसवणारी एक गोष्ट, तुझ्या प्रश्नातून सरळ निघते म्हणून. प्लंजर बोअरच्या मधोमध क्वचित बसतो. तो एका बाजूला टेकला की एकीकडे गॅप ४० मायक्रॉन आणि दुसरीकडे शून्य. सरासरी गॅप २० च, म्हणून कुएटचा भाग जसाच्या तसा, कारण तो h वर सरळ अवलंबून आहे. पण h³ ची सरासरी २.५ पट होते, म्हणून थांबवलेल्या प्लंजरच्या टेस्टचं १६ सीसी थेट ३९ च्या आसपास जातं. आता बघ, क्लिअरन्स झिजून २० चा २७ मायक्रॉन झाला तरी h³ ने जवळजवळ तेवढंच लीकेज येतं. ड्रेनचा आकडा एकच, कारणं दोन. टेकलेला प्लंजर असेल तर बोअरची अलाइनमेंट बघायची, झिजला असेल तर पार्ट बदलायचा, आणि मी लोकांना चांगला प्लंजर भंगारात टाकताना बघितलंय. ड्रेन मोजून हे ठरत नाही. प्लंजर बाहेर काढून मायक्रोमीटरने तीन जागी, बोअर एअर गेजने तीन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांना, हे करावंच लागतं. रेडियल क्लिअरन्स २० भरला आणि त्याच टेस्टचा ड्रेन ३९ असेल तर प्लंजर टेकतोय. आणि ड्रेन ३९ च्याही बराच वर, समज ५० असेल, तर तेलाचं टेंपरेचर ४० च होतं ना ते आधी बघ, होतं तर नुसत्या टेकण्याने एवढं होत नाही, २.५ पटीच्या वर ते जातच नाही, क्लिअरन्स वाढलाच आहे असं धर.

तू आता एक कर, वरचाच प्लंजर घे, U ०.५ च्या जागी ०.२५ कर आणि P, उलट्या फ्लोची जाडी आणि नेट फ्लो काढ. नेट ड्रेनकडे साधारण ०.१ सीसी यायला पाहिजे आणि उलटा भाग १६ मायक्रॉनचा. आलं नाही तर तुझी कागदावरची पानं फोटो काढून टाक, साइन कुठे हुकली ते दाखवतो.